परदेशातल्या ग्राहकांना रकमा दाखवण्याआधीची तयारी, आणि त्या परत वाचण्याआधीची

बिलिंगचं सॉफ्टवेअर भारताबाहेरच्या ग्राहकांना द्यायचं ठरलं की रकमांच्या बाबतीत काय काय बघून ठेवायचं, ते इथे लिहितो आहे. मागच्या रिलीजला यातली एक गोष्ट सुटली होती, आणि एरर आली नाही म्हणून ती सुटल्याचं कळलंही उशिरा. ती या यादीत पुन्हा पुन्हा येईल.

साठवणीपासून सुरुवात करू. रक्कम पूर्णांकात, चलनाच्या सगळ्यात लहान एककात, आणि शेजारच्या रकान्यात चलनाचा कोड. फ्लोट नको, हे सगळ्यांना माहीत असतं. पण लहान एकक म्हणजे शंभरावा भागच, हे गृहीत धरू नका. जपानी येनला दशांश स्थानंच नाहीत, कुवेती दिनारला तीन आहेत. कोडमध्ये कुठेही नुसतं `* 100` दिसलं तर ते काढा, नाहीतर ५,००० येनची मागणी पेमेंट गेटवेकडे ५,००,००० येन म्हणून जाईल.

मग लोकेल. चलन व्यवहाराचं असतं आणि लोकेल वाचणाऱ्याचं, त्यामुळे एकावरून दुसरं काढायचं नाही. युरोचं उदाहरण घ्या. एकच रक्कम जर्मनीत `1.234,50 €` अशी, आयर्लंडमध्ये `€1,234.50` अशी, तर नेदरलँड्समध्ये `€ 1.234,50` अशी लिहितात. चिन्ह आधी की नंतर, मध्ये जागा सोडायची की नाही, दशांशाला टिंब की स्वल्पविराम, हे लोकेल ठरवतं. चलन फक्त दशांश स्थानं किती ते ठरवतं. भाषेवर भागवू नका, देशही लागतो: जर्मन बोलणाऱ्या स्वित्झर्लंडमध्ये `CHF 1’234.50` लिहितात.

दाखवायचं काम लायब्ररीवर सोडा. जावास्क्रिप्टच्या `Intl.NumberFormat` ला `en-IN` आणि `style: 'currency', currency: 'INR'` दिलं की ते शेवटचे तीन अंक वेगळे काढून पुढे दोन-दोनचे गट करतं, `₹12,34,567.50`. लाख-कोटीसाठी हाताने लिहिलेला रेजेक्स असेल तर तो काढून टाका, ऋण रकमेला तो हमखास अडखळतो. `mr-IN` दिलंत तर अंक देवनागरीत येतात. ग्राहकाला इंग्रजी अंक हवे असतील तर `mr-IN-u-nu-latn` लिहायचं.

आता ती गोष्ट. फॉरमॅट केलेली रक्कम परत वाचायची नाही. दाखवण्यासाठी तयार झालेली स्ट्रिंग डोळ्यांसाठी असते. ती पुन्हा आकडा बनवायला घेतलीत की घात झालाच म्हणून समजा. हे सहज घडतं, कारण बिल दुरुस्त करायच्या स्क्रीनवर जुनी रक्कम छान सजवून चौकटीत भरलेली असते आणि 'सेव्ह' दाबलं की तीच स्ट्रिंग सर्व्हरकडे जाते. तिथे ही ओळ बसलेली असते:

```
parseFloat(s.replace(/,/g, ''))
```

`12,34,567.50` ला ती बरोबर उत्तर देते. अमेरिकेच्या `1,234.50` लाही देते. म्हणजे पुण्यात बसून केलेल्या सगळ्या टेस्ट पास. आता जर्मन ग्राहकाची `1.234,50` घ्या. स्वल्पविराम गेला, `1.23450` उरलं, आणि १,२३४ युरो ५० सेंटचं बिल १ युरो २३ सेंटचं झालं. ग्राहकाने रकमेला हातही लावलेला नसतो, त्याने फक्त पत्ता बदललेला असतो.

फ्रान्सचं याच्या उलट. तिथे हजारांच्या गटांमध्ये स्वल्पविराम नसतो, अरुंद, न तुटणारी जागा असते (`U+202F`), आणि दशांशाला स्वल्पविराम. `1 234,50` मधला स्वल्पविराम काढला की `parseFloat` त्या जागेपाशी थांबतं आणि 1 देतं. कोणी हुशारीने `\s` पण काढलं असेल तर `123450` मिळतं, म्हणजे शंभरपट बिल. दोन्ही वेळा एरर नाही, लॉग नाही, काही नाही. देवनागरी अंकांवर निदान `NaN` येतं आणि चूक दिसते. इथे तेही नाही, म्हणून परत सांगतो: दाखवलेली स्ट्रिंग परत वाचायची नाही. मूळ पूर्णांक फॉर्मसोबत ठेवा आणि वापरणाऱ्याने चौकटीत खरंच काही बदललं असेल तरच नवी किंमत घ्या.

बदललं असेल तर मात्र वाचावंच लागतं. `Intl` मध्ये वाचणारं फंक्शन नाही, पण त्या लोकेलची चिन्हं कोणती ते विचारता येतं:

```
new Intl.NumberFormat('de-DE').formatToParts(12345.6)
// group: "."   decimal: ","
```

नमुन्याची रक्कम पाच अंकीच द्या. स्पेन आणि पोलंडच्या लोकेलमध्ये चार अंकी आकड्याचे गट पाडत नाहीत, त्यामुळे 1234.5 दिलंत तर गटाचं चिन्ह मिळणारच नाही. मिळालेलं गटाचं चिन्ह काढा, दशांशचिन्हाच्या जागी टिंब ठेवा, आणि त्यानंतर अंक व टिंब यांच्याशिवाय काही उरलं तर रक्कम नाकारा. अंदाज लावू नका. कीबोर्डवरून लोक साधी स्पेस आणि सरळ `'` टाइप करतात, ती दोन्ही चालवून घ्या.

एक गोंधळ तरीही उरतो. जर्मन स्क्रीनवर आपल्याकडचा कोणी `1.50` लिहितो, टिंब गटाचं म्हणून जातं आणि १५० युरो होतात. म्हणून गटही तपासा: टिंबानंतर नेमके तीन अंक नसतील तर ते गटाचं टिंब नाही. `1.234` मात्र या तपासणीतून सुटतं, आणि दिनारसारख्या तीन दशांशांच्या चलनात ते दोन्ही अर्थांनी योग्य दिसतं. त्यावर उपाय एकच: वाचलेली रक्कम पुन्हा फॉरमॅट करून चौकटीखाली दाखवा, आणि मगच 'सेव्ह' चालू करा.

टेस्ट. `de-DE` आणि `fr-FR` दोन्हीत बिल उघडा, काही न बदलता सेव्ह करा, डेटाबेसमधला आकडा आधीचाच आहे का बघा. ही एक टेस्ट असती तर मागचा सगळा प्रकार टळला असता. अपेक्षित स्ट्रिंग हाताने टाइप करू नका, € च्या आधीची जागा साधी स्पेस नसते आणि टेस्ट विनाकारण पडते.

पीडीएफ: ₹ हे चिन्ह २०१० मधलं आहे, पीडीएफच्या ठरलेल्या मूळ फॉन्टमध्ये ते नाही. ते असलेला फॉन्ट फाइलमध्येच घाला.

डॉलर: एकाहून जास्त देशांचे असतील तर `currencyDisplay: 'code'`.

सीएसव्ही: एक्सपोर्टमध्ये सजवलेली रक्कम नको, साधा आकडा आणि वेगळ्या रकान्यात चलनाचा कोड. आणि इम्पोर्टचा कोड उघडून बघा. तोही रकमा वाचतोच, आणि बहुतेक तीच `replace` ची ओळ तिथेही सापडेल.