तारांगणाच्या खेळाचं मराठी निवेदन: मजकूर वेळेत बसला, तरी ताऱ्यावर बसतोच असं नाही

मुंबईत अनुवादाची कामं करणाऱ्यांना कधीतरी तारांगणाच्या खेळाची संहिता मिळते. वीस-पंचवीस मिनिटांचा खेळ, इंग्रजी निवेदन, सोबत चित्रफीत आणि ‘पुढच्या सोमवारपर्यंत मराठी हवं’ असा निरोप. माहितीपटांचे अनुवाद केलेल्याला हे सोपं वाटतं. तसं ते नाही. पण त्यासाठी खगोलशास्त्राची पदवी लागत नाही, हेही आधीच सांगते. लागतं ते स्टॉपवॉच, आणि आपलं छान जमलेलं वाक्य मोडायची तयारी.

संज्ञांबद्दल फार लिहीत नाही, कारण ते तुम्हाला ठाऊक असेल किंवा शोधता येईल. मराठी विश्वकोश आहे, भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत, चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषद आहे. एकच इशारा देते. मुंबईत बरेचदा हिंदी संहिता आधीच तयार असते आणि ‘त्यावरूनच करा, लवकर होईल’ असं सांगितलं जातं. करू नका. हिंदीतली निहारिका आपल्याकडे तेजोमेघ असते. आपण आकाशगंगा म्हणतो ती फक्त आपली, बाकीच्या दीर्घिका. हिंदीवरून घाईघाईत उतरवलेल्या मजकुरात या तिन्हींची खिचडी होते आणि देवयानी दीर्घिका एका वाक्यात आकाशगंगा, तर दुसऱ्यात निहारिका होऊन बसते.

आता मूळ मुद्दा. नवखा अनुवादक काळजी करतो ती लांबीची. इंग्रजी वाक्याला १४ सेकंद आहेत, माझं मराठी त्यात मावेल का? मी शब्द मोजत नाही, अक्षरं मोजते, कारण मराठी शब्द प्रत्यय लावत लावत कितीही लांबतो. घुमटाखालच्या सावकाश निवेदनाला सेकंदाला चार अक्षरं धरली की अंदाज बरोबर येतो. पण लांबी जुळली म्हणजे काम झालं, ही समजूतच घात करते. मीही त्यातूनच गेले आहे, म्हणून हे जरा जास्तच फोड करून सांगते.

एक प्रसंग घेऊ. घुमटावर मुंबईचं आकाश आहे, जानेवारीअखेर, रात्री साडेनऊच्या सुमाराचं. मृग नक्षत्र दक्षिणेला उंच आलं आहे. चित्राच्या वेळा अशा: शून्य सेकंदाला मधले तीन तारे लुकलुकतात. चौथ्या सेकंदाला त्यांच्यातून एक रेघ निघते. नवव्या सेकंदाला ती व्याधापर्यंत पोचते आणि त्याच्याभोवती कडं उमटतं. चौदाव्याला दृश्य बदलतं. इंग्रजी वाक्याची चाल चित्रासारखीच असते: आधी शिकाऱ्याच्या पट्ट्यातले, म्हणजे हेच मधले तीन तारे, मग रेघेची दिशा, शेवटी व्याधाचं नाव आणि तो सर्वांत तेजस्वी असल्याची माहिती.

याचं व्याकरणशुद्ध मराठी असं होतं: ‘रात्रीच्या आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा असलेल्या व्याध ताऱ्याकडे पट्ट्यातले तीन तारे आपल्याला घेऊन जातात.’ मोजा. ४४ अक्षरं, म्हणजे ११ सेकंद. चौदात आरामात बसतं, ध्वनिमुद्रणातही कुणी हरकत घेत नाही. पण यात ‘व्याध’ हा शब्द सहाव्या सेकंदालाच संपतो, तेव्हा रेघ अर्ध्या वाटेवरसुद्धा नसते. प्रेक्षक ‘सर्वांत तेजस्वी’ ऐकून भलतीकडेच शोधायला लागतो. तीन तारे लुकलुकून गेलेले असतात आणि त्यांचं नाव येतं तेव्हा त्याची नजर तिथे नसते. शेवटी व्याधाभोवती कडं उमटतं, तेव्हा निवेदिका ‘घेऊन जातात’ म्हणत असते.

मराठीत विशेषण, मग ते ओळभर लांब का असेना, नामाच्या आधी येतं आणि क्रियापद शेवटी. छापील पानावर याने काही बिघडत नाही, वाचणारा पूर्ण वाक्य एकदम पकडतो. घुमटाखाली मात्र कानावर पडेल त्या क्रमाने मान वळते. अंधार असतो, चित्र डोक्यावरून पाठीपर्यंत पसरलेलं असतं आणि चुकीच्या दिशेला वळलेली मान परत आणायला दोन-तीन सेकंद सहज जातात. तोवर पुढचं दृश्य आलेलं असतं. संगणकाच्या पडद्यावर सगळं एका नजरेत मावतं, त्यामुळे टेबलावर बसून हा दोष कधीच दिसत नाही.

म्हणून वाक्य मोडायचं आणि चित्राच्या क्रमाने पुन्हा बांधायचं:

०:०० पोटातल्या बाणाचे हे तीन तारे.
०:०४ बाण आला कुठून? रेघ धरून आग्नेयेकडे चला.
०:०९ हा व्याध. (विराम) रात्रीचा सर्वांत तेजस्वी तारा.

अक्षरं १२, १९ आणि १४. एकूण ४५, म्हणजे आधीपेक्षा एकच जास्त. पहिल्या तुकड्यानंतर सेकंदभर मोकळा राहतो, तेवढ्यात नजर ताऱ्यांवर स्थिरावते. दुसरा तुकडा रेघेबरोबर चालतो. ‘हा व्याध’ कडं उमटताना येतं आणि विशेषण नावानंतर, म्हणजे तारा सापडल्यावर. वाक्यं तुटक वाटतील, मराठीच्या प्राध्यापकांना तर नक्कीच. वाटू द्या. हे ऐकायचं मराठी आहे.

इथे पट्ट्याचा बाण का झाला, तेही सांगते. पाश्चात्त्यांनी या ताऱ्यांत शिकारी पाहिला आणि त्याच्या कमरेला पट्टा बांधला. आपल्याकडे हे हरीण आहे: चार कोपऱ्यांचे तारे चार पाय, पोटात बाण, आणि तो मारणारा व्याध. ‘शिकाऱ्याच्या पट्ट्याकडून व्याधाकडे’ असं लिहिलंत तर आकाशात दोन शिकारी होतात आणि हरीण गायब. कथेत बाण व्याधाकडून हरणाकडे येतो, चित्रातली रेघ मात्र उलट जाते. म्हणून ‘बाण आला कुठून?’ हा प्रश्न टाकला. त्याने कथाही राहते आणि रेघेची दिशाही पटते. घुमटावर गदा उगारलेल्या शिकाऱ्याचं रेखाचित्र उमटणार असेल, तर ते बंद करता येईल का हे निर्मात्यांना आधी विचारा. नाही म्हणाले, तर दोन्ही कल्पनांना एकेक वाक्य द्या. चित्रात माणूस आणि कानावर हरीण, असं सोडू नका. (आणि हो, शाळेतली मुलं ‘मृग तर जूनमध्ये लागतो ना?’ असं विचारतात. तेव्हा सूर्य मृगात असतो, त्यामुळे ते नक्षत्र रात्री दिसत नाही. एखादं वाक्य मोकळं असेल तर हे जरूर घाला.)

दिशांचं प्रकरण वेगळंच आहे. तुम्हाला चित्रफीत मिळते ती बहुधा गोल चित्राची. त्यात कडा म्हणजे क्षितिज आणि केंद्र म्हणजे डोक्यावरचा बिंदू. खालची बाजू बहुतेक वेळा प्रेक्षकांच्या समोरची असते आणि वरची त्यांच्या पाठीमागची. म्हणजे पडद्यावर ‘वर’ सरकणारी वस्तू प्रत्यक्षात समोरून माथ्यावर आणि तिथून मागे जात असते. हे ध्यानात न घेता ‘खाली’, ‘वर’ लिहिलं की गोंधळ ठरलेला. खुर्च्या गोलाकार असतील तर ‘डावीकडे’ही बाद, कारण प्रत्येकाचं डावं वेगळं. क्षितिजावर दिशांची नावं दिसत असतील तर पूर्व, आग्नेय हेच शब्द वापरा. बसायची व्यवस्था आधी विचारून घ्या. त्या एका फोनला लाजू नका.

मूळ संहिता कुठल्या आकाशासाठी लिहिली आहे, तेही पाहा. लंडनहून व्याध जास्तीत जास्त २२ अंशांपर्यंत चढतो, मुंबईहून ५४ अंशांपर्यंत. ‘क्षितिजालगत चमकणारा व्याध’ हे तिकडे चालून जाईल, आपल्या घुमटावर तो अर्ध्याहून वर असतो. अशा ठिकाणी मूळ मजकुराशी इमान राखू नका. चित्राशी राखा.

आकड्यांचा त्रास मराठीत कमी आहे, जर आपलेच शब्द वापरले तर. व्याधाचं अंतर ८.६ प्रकाशवर्षं. ‘आठ पूर्णांक सहा दशांश प्रकाशवर्षं’ म्हणायला जवळपास चार सेकंद जातात, ‘सुमारे साडेआठ’ म्हटलं की तीनच, आणि ते ध्यानातही राहतं. विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं, त्याला ‘पावणेचौदा अब्ज’ म्हणा. देवयानी पंचवीस लाख प्रकाशवर्षांवर, तिथे ‘अडीच दशलक्ष’ कशाला? सव्वा, साडे, पावणे बोलण्यात असताना दशांश चिन्ह वाचून दाखवणं मला तरी पटत नाही.

आता चाचणी. ज्याने संहिता वाचलेली नाही असा माणूस घ्या. मोबाइलवर स्वतःच्या आवाजात कच्चं निवेदन मुद्रित करा, चित्रफितीबरोबर लावा आणि त्याला ऐकू येईल त्या ताऱ्यावर बोट ठेवायला सांगा. बोट नाव ऐकण्याआधी किंवा नाव ऐकताच ताऱ्यावर गेलं तर ठीक. नाव ऐकल्यावर ते इकडेतिकडे फिरलं तर तिथे वाक्याचा क्रम उलटा आहे. जमल्यास वरळीच्या नेहरू तारांगणात मराठी खेळाला जाऊन बसा आणि निम्मा वेळ घुमटाऐवजी प्रेक्षकांकडे पाहा. ‘कुठंय, कुठंय?’ अशी कुजबुज जिथे होते, तिथे शब्द आणि चित्र यांची ताटातूट झालेली असते.

एका आडवाटेपासून लांब राहा. लांबलेलं निवेदन संगणकावर दाबून दहा टक्क्यांनी आखूड करून देणारे लोक भेटतील. ‘कुणाला कळत नाही’ म्हणतात. कळतं. जोडाक्षरं गिळली जातात, श्वासाच्या जागा नाहीशा होतात, आणि क्रम चुकलेला असेल तर चुकलेलाच राहतो, फक्त लवकर चुकतो. अनुभवी मार्गदर्शकाच्या मागे फिरण्यापेक्षा एखाद्या निवेदिकाताईंशी ओळख काढा. माझ्या ओळखीच्या एक ताई आहेत, त्या संहिता पाहून आधी एवढंच विचारतात, ‘श्वास कुठे घेऊ?’ त्या प्रश्नाने मला जेवढं शिकवलं, तेवढं कुठल्या कार्यशाळेत मिळालं नाही.

पैसे फार नाहीत आणि श्रेयनामावलीत नाव येईलच असंही नाही. ते ठरवून घ्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे काम घेताना चित्र अंतिम आहे का, हे लेखी विचारा. मागाहून दोन सेकंदांचं दृश्य कापलं, तर पुढच्या सगळ्या वेळा सरकतात आणि कडं ‘हा व्याध’च्या आधीच उमटतं. अशी पहिली पुनर्जुळणी ठरलेल्या मोबदल्यात आणि त्यानंतरची वेगळ्या दराने, एवढं सुरुवातीच्या ईमेलमध्येच लिहा.