बॅटरी आणि स्टोरेजचा स्क्रीनशॉट वाचताना या चुका टाळा

फोनची बॅटरी लवकर उतरू लागली की घरातली मंडळी ज्याला यातले कळते त्याला बॅटरीच्या पानाचा स्क्रीनशॉट पाठवतात, आणि तो पाहणारा यादीतल्या सर्वांत वरच्या ॲपवर बोट ठेवून मोकळा होतो. अनेकदा ते बोट चुकीच्या ओळीवर पडते. दोष स्क्रीनशॉटचा नसतो. त्यातल्या आकड्यांचा पाया न तपासता ते वाचले जातात, हे खरे कारण असते.

पहिली आणि सर्वांत मोठी चूक टक्क्यांची आहे. यादीत एखाद्या ॲपपुढे ४६ टक्के लिहिलेले असले, तर त्याने जवळजवळ अर्धी बॅटरी खाल्ली असे वाटते. अनेक फोनवर हा आकडा पूर्ण बॅटरीचा नसतो, तेवढ्या काळात जितकी बॅटरी खर्च झाली त्यातला वाटा असतो. उलट काही कंपन्यांच्या फोनवर तो पूर्ण बॅटरीच्या हिशेबाने दाखवला जातो. आपल्यासमोरचा फोन कोणत्या प्रकारचा आहे हे ओळखण्यासाठी यादीतल्या सगळ्या टक्क्यांची बेरीज करावी. ती शंभराच्या जवळ गेली तर तो खर्चातला वाटा आहे. ती बॅटरी जितकी उतरली तितकीच भरली तर तो पूर्ण बॅटरीचा हिस्सा आहे. ही बेरीज करण्यासाठी यादी पूर्ण हवी, म्हणून वरच्या चार ओळी कापून पाठवलेल्या चित्रावरून निर्णय देऊ नये.

शनिवार पेठेत राहणाऱ्या माझ्या मावशीने गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात असेच एक चित्र पाठवले होते, ते येथे सविस्तर उलगडतो. सकाळी सव्वाआठला १०० टक्के असलेला फोन दुपारी सव्वाचारला ६२ वर आला होता. यादीत व्हॉट्सॲप ४६ टक्के, गूगल फोटोज २४ टक्के आणि उरलेले ३० टक्के बारीकसारीक ओळींमध्ये विभागलेले होते. बेरीज शंभर भरत होती, म्हणजे हे वाटे होते. बॅटरी एकूण ३८ अंश, म्हणजे पूर्ण बॅटरीच्या ३८ टक्के, उतरली होती. त्याच्या ४६ टक्के म्हणजे सुमारे साडेसतरा अंश व्हॉट्सॲपचे, आणि २४ टक्के म्हणजे सुमारे नऊ अंश फोटोजचे.

“अगं, व्हॉट्सॲपच काढून टाक,” असे तिला शेजारच्या घरातून सांगण्यात आले होते. येथे दुसरी चूक होते. ॲपच्या ओळीवर बोट ठेवल्यावर त्याचा पडद्यावरचा वेळ आणि पडद्यामागचा वेळ वेगवेगळा दिसतो, आणि तो पाहिल्याशिवाय खर्च योग्य की अयोग्य हे ठरवता येत नाही. मावशीचे व्हॉट्सॲप पडद्यावर ३ तास २० मिनिटे आणि पडद्यामागे केवळ १० मिनिटे चालले होते. पडदा उजळ ठेवून, मधून मधून व्हिडिओ कॉल करत ताशी पाच-सव्वापाच अंश जाणे ही तक्रार करण्यासारखी गोष्ट नव्हे. तो तिने स्वतः केलेला वापर होता. फोटोज मात्र तिने ४ मिनिटे उघडले होते आणि पडद्यामागे ते ३ तास १० मिनिटे चालू होते. शोध घ्यायचा तो या ओळीचा. (काही फोनवर पडद्याचा खर्च स्वतंत्र ओळीत दाखवतात; तसे असेल तर ॲपचा आकडा त्यामानाने लहान दिसतो, हे लक्षात ठेवावे.)

फोटोज पडद्यामागे काय करत होते, याचे उत्तर बॅटरीच्या पानावर मिळत नाही; त्यासाठी स्टोरेजचे पान लागते. तिच्या १२८ जीबीच्या फोनमध्ये ११९ जीबी भरले होते: व्हिडिओ ४१, छायाचित्रे २७, ॲप्स २४, सिस्टिम २० आणि इतर ७. कॅमेऱ्याच्या फोल्डरमध्ये लक्ष्मी रस्त्यावरच्या मिरवणुकीचे व्हिडिओच सुमारे १४ जीबी होते. फोटोजचा बॅकअप चालू होता, घरात वाय-फाय नव्हते, आणि मोबाइल डेटावरूनही बॅकअप घेण्याची परवानगी कधीतरी दिली गेली होती. जुन्या वाड्याच्या आतल्या खोलीत सिग्नल क्षीण असतो. अशा ठिकाणी फोनला अधिक शक्तीने प्रक्षेपण करावे लागते आणि तीच फाइल वर चढायला अधिक वेळ लागतो, त्यामुळे बॅटरी दुहेरी खर्च होते.

स्टोरेजच्या पानावरची चूक थोडी वेगळ्या जातीची आहे. ॲप्सच्या यादीत व्हॉट्सॲपपुढे ३ जीबीच्या आसपास आकडा होता, म्हणून ते निर्दोष वाटत होते. बहुतेक अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सॲपने उतरवलेले फोटो आणि व्हिडिओ त्या ओळीत मोजले जात नाहीत, ते व्हिडिओ आणि छायाचित्रांच्या गटात जातात. व्हॉट्सॲपच्या स्वतःच्या Manage storage या पानावर खरा आकडा १९ जीबी निघाला. मिरवणुकीचा जो व्हिडिओ तिने नातेवाइकांना पाठवला, त्याची लहान केलेली दुसरी प्रत व्हॉट्सॲपच्या फोल्डरमध्ये राहिली होती, हेही त्यातूनच कळले. सिस्टिमच्या २० जीबीला मात्र हात लावण्यासारखे काही नसते, त्यामुळे त्यावर वेळ घालवू नये.

उपाय करताना घाई केली तर नुकसान होते. ॲपच्या पानावर Clear cache आणि Clear storage ही दोन बटणे जवळजवळ असतात; पहिल्याने तात्पुरत्या फाइली जातात आणि ॲप वापरताच त्या पुन्हा जमा होतात, दुसऱ्याने ॲपची सगळी माहिती पुसली जाते, आणि व्हॉट्सॲपच्या बाबतीत बॅकअप नसेल तर संभाषणेही जातात. तसेच बॅकअप झालेला व्हिडिओ गूगल फोटोजमधून नेहमीच्या पद्धतीने काढला, तर तो फोनमधून आणि खात्यातून दोन्हीकडून जातो. केवळ फोनमधली प्रत काढायची असेल तर Free up space हा पर्याय वापरावा लागतो.

मावशीच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. गूगल खात्याची मोफत जागा १५ जीबी असते आणि ती जीमेल व ड्राइव्ह यांनाही पुरवायची असते. तिच्याकडे त्यातली थोडीच उरली होती, म्हणजे बॅकअप अर्ध्यात थांबणार हे निश्चित होते. म्हणून मोबाइल डेटावरचा बॅकअप बंद केला, मिरवणुकीचे व्हिडिओ मावसभावाच्या हार्ड डिस्कवर उतरवले, तिथे ते उघडून पाहिले आणि मगच फोनमधून काढले. काढलेल्या फाइली कचरापेटीत जागा अडवून बसतात, बॅकअप न झालेल्या ३० दिवस आणि झालेल्या ६० दिवस, त्यामुळे कचरापेटीही रिकामी करावी लागली. व्हॉट्सॲपमध्ये ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइलींचा वेगळा गट मिळतो. पाठवलेल्या प्रती तिथून निघाल्या.

नंतरचा स्क्रीनशॉट मागवताना वेळेचे पथ्य पाळावे. फोन नुकताच चार्जरवरून काढला असेल तर यादीत सांगण्यासारखे काही नसते, आणि iOS 18 पर्यंतच्या आयफोनवर मागील २४ तास निवडले आहेत की मागील १० दिवस, यावर सगळा क्रम बदलतो. दोन साध्या दिवसांची, संध्याकाळी घेतलेली, आलेखासह पूर्ण चित्रे शेजारी ठेवून पाहिली तरच तुलना खरी ठरते. मावशीच्या नव्या चित्रात फोटोज यादीच्या तळाशी गेले होते, व्हॉट्सॲप अजूनही वरच होते, आणि ते तसेच असायला हवे होते.

एक प्रकार मात्र या याद्यांतून सापडत नाही. प्रत्येक ॲपचा ताशी खर्च वाजवी निघतो, पडद्यामागे कोणीच रेंगाळत नसते, आणि तरीही आलेखाची रेषा २५-३० टक्क्यांपर्यंत सावकाश उतरून तिथून एकदम कोसळते किंवा फोन अचानक बंद पडतो. तिथे बहुधा बॅटरीच जुनी झालेली असते. आयफोनवर बॅटरीच्या सेटिंगमध्ये तिची उरलेली कमाल क्षमता टक्क्यांत दिसते. ती ८० च्या खाली गेली असेल, तर ॲप काढण्यात वेळ न घालवता बॅटरी बदलून घ्यावी.