मांड्याच्या पोस्टची वेळ मी अशी बसवली

बेळगावात आमचा घरगुती मांडे-कुंद्याचा धंदा, नि इन्स्टावर बहीण रोज टाकायची पण मेसेज कायम 'रेट काय?' एवढाच यायचा. मग इनसाइट्समध्ये फॉलोअर्स कधी अ‍ॅक्टिव्ह असतात ते बघितलं, सकाळी थोडे आणि रात्री नऊच्या सुमाराला सगळ्यात जास्त. पण नुसत्या गर्दीवर जाऊन भागत नाही बघा, गिऱ्हाईक ऑर्डर कधी ठरवतं तेही धरायला लागतं.

म्हणून आठवड्याला तीनच पोस्ट ठेवल्या. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी आठला कुंदा, कॅप्शन एकच ओळ: भाव, कुठं मिळेल, किती वाजेपर्यंत, कारण त्या वेळी माणूस गडबडीत असतो, लांबडं कोण वाचतंय! बुधवारी रात्री नऊला मांडे, तेव्हा घरची सगळी बसून लग्नाचं ठरवत असतात, तिथं सारण कसं, किती दिवस टिकतात, किती आधी सांगायचं असं सात-आठ ओळी चालतात. फक्त फोनवर कॅप्शन मध्येच तुटतं, म्हणून भाव पहिल्याच ओळीत आणि कन्नड ओळ त्याच्या खाली.

वेळ बदलली की महिनाभर कॅप्शनची लांबी तीच ठेवायची, नाहीतर फरक कशानं पडला कळत नाही. लाइक मोजू नका, सेव्ह आणि मेसेज बघा. सणाच्या आठवड्यात मात्र हे सगळं कोलमडतं, तेव्हा रोज टाकतो.