गोषवाऱ्यातले ‘करण्यात आले’ काढताना या चुका टाळा

शोधनिबंधाच्या गोषवाऱ्याला नियतकालिके साधारण २००-२५० शब्द देतात. त्यातले बरेचसे ‘करण्यात आले’, ‘आढळून आलेले आहे’, ‘असे म्हटले जाऊ शकते’ यांतच संपतात. मार्गदर्शक सांगतात, ‘वाक्यं सरळ करा’. विद्यार्थी ती सरळ करतो आणि त्या भरात निष्कर्षही बदलून टाकतो. खरा धोका या दुसऱ्या गोष्टीत आहे. जड वाक्य वाचकाला फक्त कंटाळा आणते, पण चुकीचा दावा निबंधच पाडतो.

एक नमुना घेऊ. तो या लेखासाठी रचलेला आहे, त्यातले आकडेही काल्पनिक आहेत. घडण मात्र ओळखीची वाटेल.

> प्रस्तुत संशोधनात किशोरवयीन मुलींमधील रक्तक्षयाचा अभ्यास करण्यात आलेला असून त्यासाठी एका तालुक्यातील तीन शाळांमधील १८० मुलींची निवड करण्यात आली. निवड करण्यात आलेल्या मुलींकडून प्रश्नावली भरून घेण्यात येऊन त्यांच्या रक्तातील हिमोग्लोबिनचे प्रमाण तपासण्यात आले. विश्लेषण केले गेले असता जेवणानंतर लगेच चहा घेणाऱ्या मुलींमध्ये हिमोग्लोबिनचे प्रमाण कमी असल्याचे आढळून आले असून, चहामुळे लोहाचे शोषण कमी होत असण्याची शक्यता नाकारता येऊ शकत नाही असे म्हटले जाऊ शकते. शाळानिहाय फरक असल्याचे दिसून आले नाही.

घाईत केलेली दुरुस्ती बहुतेकदा अशी होते:

> आम्ही १८० मुलींचे हिमोग्लोबिन तपासले. जेवणानंतर लगेच चहा प्यायल्याने हिमोग्लोबिन कमी होते. शाळेनुसार त्यात फरक पडत नाही.

वाचायला छान, पण तिन्ही वाक्यांत गडबड आहे.

कर्ता शोधताना ‘आम्ही’ चिकटवणे

‘तपासण्यात आले’ म्हणजे कोणी तपासले? समजा, रक्ताचे नमुने एका खासगी प्रयोगशाळेत गेले होते. मग ‘आम्ही तपासले’ हे खोटे ठरते. कर्मणी वाक्यात ही माहिती झाकलेली होती; सरळ वाक्य लिहिताना ती शोधून काढावीच लागते. म्हणून प्रत्येक ‘-ण्यात आले’ला ‘कोणी?’ विचारा आणि उत्तर आपल्या नोंदवहीतून द्या, अंदाजाने नको.

उत्तर ‘मीच’ असेल आणि ‘मी’ लिहायला संकोच वाटत असेल, तरी ‘प्रस्तुत संशोधकाद्वारे’ची गरज नाही. मराठीत भूतकाळातले सकर्मक क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते, त्यामुळे कर्ता गाळला तरी वाक्य लंगडत नाही. ‘१८० मुलींकडून आहाराची प्रश्नावली भरून घेतली.’ एवढे पुरे. कोणी भरून घेतली, हे वाचकाला कळते.

संबंधाचे कारण करणे

ही सगळ्यात महाग चूक. मूळ मजकुरात दोन वेगळे दावे आहेत. पहिला निरीक्षणाचा: चहा घेणाऱ्या मुलींमध्ये हिमोग्लोबिन कमी आढळले. दुसरा स्पष्टीकरणाचा: कदाचित लोहाचे शोषण कमी होत असेल. ‘चहा प्यायल्याने हिमोग्लोबिन कमी होते’ या वाक्यात दोन्ही एकमेकांत मिसळले आणि ‘कदाचित’ गळून गेले. एकाच वेळी केलेल्या पाहणीतून कारण सिद्ध होत नाही. ज्या घरांत जेवणाला जोडून चहा होतो, तिथे भाज्या आणि डाळीही कमी शिजत असतील. मग फरक चहाचा की ताटाचा?

दोष ओळखायची खूण प्रत्ययात आहे. दुरुस्त मजकुरात ‘-मुळे’, ‘-ल्याने’, ‘परिणामी’ कुठे नव्याने आले ते शोधा. मूळ मजकुरात त्या जागी ‘-मध्ये’ किंवा ‘आढळले’ असेल, तर तुम्ही दावा फुगवला आहे. मुळातच ‘-मुळे’ असेल, तर त्याच्या पुढची सावध क्रिया शाबूत आहे ना, ते पाहा.

सगळी सावधगिरी फेकणे किंवा सगळी ठेवणे

‘कमी होत असण्याची शक्यता नाकारता येऊ शकत नाही असे म्हटले जाऊ शकते’ या वाक्यात चार पदर आहेत. त्यातले ‘असे म्हटले जाऊ शकते’ कशाचेच रक्षण करत नाही. तुम्ही म्हणताय म्हणूनच ते छापले आहे. ‘येऊ शकत नाही’मधली ‘शकणे’ही निरर्थक आहे, कारण ‘येत नाही’मध्ये ते आलेच. उरले ‘शक्यता’ आणि ‘नाकारता येत नाही’.

इथे थांबून विचार करावा लागतो. ‘शक्यता नाकारता येत नाही’ म्हणजे विरोधी पुरावा नाही, एवढेच. ‘असू शकते’ म्हणजे तसे मानायला काही आधार आहे. आपल्या नमुन्यात आधार आहे: चहातली पॉलिफेनॉल वनस्पतिजन्य लोहाशी बांधली जातात आणि त्याचे शोषण घटवतात, हे आधीच्या संशोधनातून माहीत आहे. म्हणून ‘असू शकते’ चालेल. असा आधार नसेल, तर ‘नाकारता येत नाही’ हेच प्रामाणिक; ते लांब वाटले तरी राहू द्या.

‘असावे’ जपून वापरा. ‘या मुलींच्या जेवणात पालेभाज्या कमी असाव्यात’ हा अंदाज आहे की सल्ला? आरोग्याच्या विषयात वाचक सल्लाच समजण्याची भीती असते. ‘कमी असण्याची शक्यता आहे’ लिहिले की गोंधळ संपतो. ‘दिसून आले’, ‘आढळून आले’ यांना मात्र सरसकट कात्री नको. ‘आढळले’, ‘दिसले’ एवढे छोटे करा, पण काढू नका. दावा आपल्या निरीक्षणापुरता आहे, हे तीच क्रियापदे सांगतात.

‘आढळला नाही’चे ‘नाही’ करणे

‘शाळेनुसार फरक पडत नाही’ हा सगळ्या शाळांबद्दलचा कायमचा नियम झाला. तुम्ही तीनच शाळा पाहिल्या, आणि प्रत्येकीत सरासरी ६० मुली. लहान फरक असला तरी एवढ्या संख्येत तो निसटू शकतो. ‘तीन शाळांमध्ये फरक आढळला नाही’ हे वाक्यही सरळच आहे आणि खरे आहे. काळ बदलला की व्याप्ती बदलते: निकाल भूतकाळात ठेवा, वर्तमानकाळ आधीच प्रस्थापित असलेल्या गोष्टींसाठी राखा.

हे सगळे जमवल्यावर गोषवारा असा होतो:

> एका तालुक्यातील तीन शाळांतल्या १८० किशोरवयीन मुलींकडून आहाराची प्रश्नावली भरून घेतली. त्यांच्या रक्तातील हिमोग्लोबिन खासगी प्रयोगशाळेने तपासले. जेवणानंतर लगेच चहा घेणाऱ्या मुलींचे सरासरी हिमोग्लोबिन १०० मिलिलिटरमागे ११.१ ग्रॅम, तर इतर मुलींचे ११.८ ग्रॅम आढळले. चहामुळे लोहाचे शोषण घटणे हे यामागचे एक कारण असू शकते. मात्र आहारातील एकूण लोह मोजले नसल्याने ते निश्चित सांगता येत नाही. तीन शाळांमध्ये फरक आढळला नाही.

‘प्रमाण कमी’च्या जागी प्रत्यक्ष आकडे आले, कारण त्यांच्यासाठी शब्द शिल्लक राहिले. मोजले काय नाही, हेही सांगता आले. ‘सांगता येत नाही’ मुद्दाम तसेच ठेवले आहे. त्याला कर्ता नाही, पण ते ओझेही नाही: उपलब्ध माहितीवरून कोणालाच सांगता येणार नाही, हाच त्याचा अर्थ आहे. ‘आम्ही सांगू शकत नाही’ केले, तर मर्यादा माहितीची न राहता आमची होते.

पाठवण्यापूर्वी जुना आणि नवा मजकूर शेजारी ठेवा, दोन्हींतले दावे एकेक करून कागदावर उतरवा आणि प्रत्येकापुढे ‘पाहिले’, ‘अंदाज’ किंवा ‘आधीच माहीत’ यांपैकी एक लिहा. एखाद्या दाव्याची खूण दोन मजकुरांत वेगळी आली, तर ते वाक्य पुन्हा लिहायला घ्या.