शास्त्रज्ञाच्या व्याख्यानाचा सारांश कसा काढावा: दावा, पुरावा आणि कबुली

23 सप्टेंबर 2011. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेचं मुख्य सभागृह. ऑपेरा प्रयोगाच्या वतीने दारिओ ऑतिएरो बोलायला उभे राहिले. सर्नहून निघालेले न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण इटलीतल्या ग्रान सास्सो डोंगराखालच्या यंत्रापर्यंत, म्हणजे सुमारे 730 किलोमीटर, प्रकाशाला लागला असता त्यापेक्षा सुमारे 60 नॅनोसेकंद कमी वेळात पोहोचल्याचं मोजमाप त्यांनी मांडलं. ‘आइन्स्टाईन चुकला’ अशा चर्चेला जगभर ऊत आला. सारांश काढायचा सराव करायला मला हेच व्याख्यान सगळ्यात चांगलं वाटतं, कारण बातमी आणि व्याख्यान यांच्यातलं अंतर इथे स्पष्ट दिसतं.

आधी रेकॉर्डिंग एकदा सलग ऐका, हातात पेन न घेता. दुसऱ्यांदा ऐकताना वहीच्या पानावर तीन रकाने आखा: दावा, पुरावा, मर्यादा. प्रत्येक नोंदीपुढे रेकॉर्डिंगमधली वेळ (मिनिट-सेकंद) लिहाच. नंतर ‘हे ते खरंच म्हणाले होते का?’ अशी शंका आली की तासाभराचं भाषण पुन्हा चाळावं लागत नाही. स्लाइड मिळत असतील तर शेजारी उघडून ठेवा, कारण आकडे ऐकताना चुकतात.

दाव्याच्या रकान्यात क्रियापदावर लक्ष ठेवा. ‘न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा वेगाने जातात’ आणि ‘न्यूट्रिनो अपेक्षेपेक्षा 60 नॅनोसेकंद लवकर पोहोचल्याचं आम्हाला आढळलं’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. ऑपेराचा दावा दुसरा होता. सापेक्षतावाद मोडला असं त्यांनी म्हटलं नव्हतं. वक्त्याने ‘मोजलं’ म्हटलं असेल तर तुम्ही ‘सिद्ध केलं’ लिहू नका. सारांशातली निम्मी चूक याच एका शब्दात होते.

पुरावा लिहिताना तो दाव्याच्या कोणत्या भागाला आधार देतो तेही लिहा. वेग काढायचा तर अंतर आणि वेळ दोन्ही लागतात. अंतर जीपीएस आणि भूमापनाने 20 सेंटीमीटरच्या अचूकतेने काढलं होतं. वेळेसाठी दोन्ही टोकांची घड्याळं जीपीएसने जुळवली होती. जवळपास तीन वर्षांत टिपलेल्या सोळा हजारांवर न्यूट्रिनो-घटना हा तिसरा आधार. असं सुटं केलं की इमारत कशावर उभी आहे ते दिसतं. 20 सेंटीमीटर जायला प्रकाशाला एक नॅनोसेकंदही लागत नाही. म्हणजे 60 नॅनोसेकंदांचा घोळ असलाच तर तो अंतरात नसून वेळेत असण्याची शक्यता जास्त.

खरी मेहनत मर्यादांच्या रकान्यात. ‘आता मर्यादा सांगतो’ असं म्हणून वक्ता क्वचितच बोलतो. मी त्या तीन ठिकाणी शोधतो. पहिलं ठिकाण म्हणजे आकड्यामागचं ± चिन्ह. ऑपेराचा आकडा 60.7 ± 6.9 ± 7.4 नॅनोसेकंद असा होता. पहिली त्रुटी संख्याशास्त्रीय, घटना वाढल्या की घटते. दुसरी त्रुटी पद्धतशीर, म्हणजे उपकरणं आणि पद्धतीतून येणारी, नुसती मोजणी वाढवून ती जात नाही. दोन्ही वेगवेगळ्या लिहा, बेरीज करून एक आकडा टाकू नका.

दुसरं ठिकाण पद्धतीचं वर्णन. इथे कबुली तांत्रिक तपशिलाच्या वेषात येते आणि आपण डुलकी घेतो. हे न्यूट्रिनो ज्यांच्यापासून तयार होत त्या प्रोटॉनचा एकेक झोत 10.5 मायक्रोसेकंद लांब होता, म्हणजे शोधायच्या फरकाच्या शंभर पटींहून जास्त. त्यामुळे कोणता न्यूट्रिनो नेमका कोणत्या क्षणी निघाला हे सांगता येत नव्हतं. हजारो घटनांचा आलेख झोताच्या आकाराशी जुळवून वेळ काढली होती. ही मर्यादाच आहे, नाव दिलेलं नसलं तरी.

तिसरं ठिकाण समारोप आणि प्रश्नोत्तरं. परिणाम मोठा असला तरी अजून न सापडलेली पद्धतशीर चूक शोधत राहायला हवी, आणि सैद्धांतिक अर्थ लावण्याचा प्रयत्न आम्ही करत नाही, ही ऑपेराची भूमिका होती. दोन्ही वाक्यं मर्यादांत जातात. प्रश्नकर्त्याजवळ माइक नसेल तर उत्तरावरून प्रश्नाचा अंदाज बांधा, पण ‘प्रश्न ऐकू आला नाही’ अशी नोंद ठेवा.

मग रकान्यांची वाक्यं करा:

दावा: न्यूट्रिनो सुमारे 60 नॅनोसेकंद लवकर पोहोचल्याचं मोजमाप.
पुरावा: सोळा हजारांवर घटना, जीपीएसने जुळवलेली घड्याळं, 20 सेंटीमीटरपर्यंत अचूक अंतर.
वक्त्याने मान्य केलेल्या मर्यादा: सुट्या न्यूट्रिनोची निघण्याची वेळ अज्ञात, अज्ञात पद्धतशीर चूक शक्य, सैद्धांतिक अर्थ लावलेला नाही.

फेब्रुवारी 2012 मध्ये जीपीएसचा संकेत घड्याळापर्यंत नेणारी एक ऑप्टिकल केबल नीट बसलेली नव्हती असं उघड झालं आणि पुढे दावा मागे पडला. मर्यादांच्या रकान्यात केबल लिहायचा मोह होतो. पण त्या दिवशी वक्त्याला ती माहीतच नव्हती. म्हणून ती खाली रेघ मारून, ‘नंतर कळलेलं’ अशा वेगळ्या मथळ्याखाली, तारखेसह.