जुन्या डेस्कटॉपची हार्डडिस्क शेवटच्या घटका मोजतेय? एसएसडी टाकण्याआधी या चुका टाळा

पीसी चालू व्हायला दहा मिनिटं, एक फाईल उघडली की माऊस गोठतो, मधेच कर्रर्र आवाज. अशा वेळी कोणीतरी डिस्कची तब्येत दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्रॅम टाकून बघतं, पिवळ्या रंगात Caution दिसतं आणि मग दोनच प्रकार होतात. एकतर "चालतंय की अजून" म्हणून सोडून देतात, नाहीतर घाबरून लगेच फॉरमॅट मारतात. दोन्ही चूकच. त्या रंगाकडे बघू नका, खालच्या आकड्यांकडे बघा, कारण पुढे काय करायचं ते आकडे सांगतात.

बघायच्या ओळी तीनच. 05 म्हणजे डिस्कने खराब झालेले सेक्टर, म्हणजे डेटा ठेवायचे छोटे कप्पे, बाजूला काढून त्यांच्या जागी राखीव सेक्टर लावलेत. C5 म्हणजे काही सेक्टर वाचताच येत नाहीयेत, त्यांचा निकाल अजून लागलेला नाही. आणि C7 म्हणजे डिस्क आणि मदरबोर्डच्या मधे डेटा जाताना गडबड होतेय, हा दोष बहुतेक वेळा केबलचा निघतो. बाकीच्या ओळींनी घाबरू नका, सीगेटच्या डिस्कवर 01 आणि 07 पुढे भलेमोठे आकडे असतातच, ते नॉर्मल आहे.

आकडा चुकीचा वाचणे

हा प्रोग्रॅम रॉ व्हॅल्यू, म्हणजे मूळ आकडा, हेक्समधे दाखवतो, म्हणजे दहाच्या नाही तर सोळाच्या पटीत. म्हणजे C5 पुढे 30 दिसलं तर ते तीस नाही, अठ्ठेचाळीस आहे. मेनूत Function, Advanced Feature, Raw Values असं जाऊन 10 [DEC] निवडा, मग सरळ आकडे दिसतात.

आता C7 ची गंमत अशी की हा आकडा कधीच कमी होत नाही. केबल बदलली तरी जुना आकडा तसाच राहतो, मग लोक म्हणतात केबल बदलून काय फायदा झाला नाही आणि चांगली डिस्क काढून टाकतात! आकडा लिहून ठेवा, नवीन साटा केबल लावा, दोनचार दिवस काम करा, आणि परत बघा. तिथेच थांबलाय आणि 05, C5 दोन्ही शून्य आहेत, तर डिस्क बदलायची गरज नाही (स्पीडसाठी एसएसडी टाकायची असेल तर तो वेगळा विषय). आपल्याकडे पॉवरलूमच्या शेजारच्या ऑफिसात कापसाची धूळ एवढी असते की कॅबिनेट उघडल्यावर केबल शोधावी लागते, त्यामुळे आधी धूळ काढा, केबल घट्ट बसवा, मग निदान करा.

05 थोडासा आहे आणि महिनोन्महिने तेवढाच आहे, तर बॅकअप घेऊन डिस्क वापरता येते. पण C5 शून्य नाही आणि वाढतोय, तर त्या डिस्कवर काम थांबवायचं. त्याच दिवशी.

आधी chkdsk मारणे

ही सगळ्यात महागडी चूक आहे. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं उदाहरण घ्या. ऑफिसचा जुना डेस्कटॉप, 500 जीबीची डिस्क, त्यात टॅलीचा डेटा आणि बिलांच्या एक्सेल फायली. 05 शून्य, C5 अठ्ठेचाळीस. मालकांच्या पुतण्याने विंडोजची डिस्क तपासायची कमांड chkdsk /r लावून ठेवली होती आणि ते तासभर एकाच टक्क्यावर अडकलेलं. मालक म्हणाले, "राहू द्या की हो, दुरुस्त होतंय ना ते." नाही होत. chkdsk ला फाईल सिस्टीम नीट करायची असते, तुमच्या फायली वाचवायचं ते काम नाही. आधीच थकलेल्या डिस्कला ते प्रत्येक सेक्टर वाचायला लावतं, वरून त्याच डिस्कवर बदलही लिहितं, त्यात डिस्क कायमची बसू शकते. आधी कॉपी, दुरुस्ती नंतर, आणि तीही नवीन एसएसडीवर.

तिथे chkdsk थांबवून आधी टॅलीचं डेटा फोल्डर आणि बिलं पेनड्राईव्हवर घेतली. हे काही मिनिटांचं काम आहे, आणि पुढे क्लोन, म्हणजे पूर्ण डिस्कची एसएसडीवर नक्कल, चालू असताना डिस्क मेली तरी धंदा बुडत नाही.

आजारी डिस्कला साधं क्लोनिंग सॉफ्टवेअर लावणे

एसएसडीसोबत मिळणारी क्लोनिंग सॉफ्टवेअरं धडधाकट डिस्कसाठी असतात. न वाचता येणारा सेक्टर आला की बरीचशी एरर देऊन थांबतात. C5 असेल तर ddrescue वापरा, ते सिस्टमरेस्क्यू या लिनक्सच्या लाईव्ह पेनड्राईव्हमधे असतं, त्या पेनड्राईव्हवरूनच पीसी चालू करायचा. ते आधी सोपा भाग उचलतं, अवघड जागा सोडून पुढे जातं आणि शेवटी त्यांच्याकडे परत येतं.

इथे एसएसडीची साईझ चुकते. पूर्ण डिस्क जशीच्या तशी उतरवायची तर एसएसडी जुन्या डिस्कएवढी किंवा मोठी पाहिजे. 500 च्या डिस्कला 480 ची एसएसडी स्वस्तात मिळते म्हणून आणली की शेवटचा भाग बसत नाही. दोन्ही डिस्क थेट साटा पोर्टला लावा, स्वस्तातले यूएसबी ॲडॉप्टर एरर आली की हँग होतात.

मग कुठली डिस्क कुठली ते बघा:

```
lsblk -o NAME,SIZE,MODEL,SERIAL
```

सीरियल नंबर डिस्कवरच्या स्टिकरशी ताडून बघा, कारण ddrescue च्या कमांडमधे आधी जुनी आणि मग नवीन येते, उलटं लिहिलं तर रिकामी एसएसडी तुमच्या डेटावर उतरेल. समजा जुनी sdb आणि नवीन sdc निघाली:

```
ddrescue -f -n /dev/sdb /dev/sdc /mnt/pen/rescue.map
ddrescue -f -d -r3 /dev/sdb /dev/sdc /mnt/pen/rescue.map
```

ती मॅप फाईल वेगळ्या पेनड्राईव्हवर हवी, म्हणून तो आधी /mnt/pen ला माउंट करा. लाईव्ह सिस्टीम रॅममधे चालते, लाईट गेली की तिथली फाईल गेली. मॅप असेल तर तीच कमांड परत दिली की काम अर्धवट जागेवरून पुढे सुरू होतं. यूपीएस लावाच. आणि मे महिन्यात सोलापुरात हे करत असाल तर कॅबिनेट उघडं ठेवून डिस्कवर टेबलफॅन सोडा, चेष्टा नाही, तासन्तास वाचन चालू असलं की डिस्क जाम तापते.

कारखान्याच्या डिस्कमधे शेवटी सोळा सेक्टर वाचलेच नाहीत. एक सेक्टर 512 बाइटचा, म्हणजे सगळे मिळून 8 केबी. एसएसडीवर chkdsk /f चालवलं, टॅली उघडून मागच्या वर्षांचा ताळेबंद जुळवून बघितला, बिलं उघडून बघितली, सगळं शाबूत होतं. पण तेच 8 केबी टॅलीच्या फाईलमधे असते तर? म्हणून विंडोज चालू झालं म्हणजे झालं असं समजू नका, कामाच्या फायली उघडून बघा.

डिस्क टक टक टक आवाज करतेय किंवा बायोसमधे दिसतच नाही, तर यातलं काहीच करू नका. पॉवर काढा. डेटा मोलाचा असेल तर रिकव्हरी लॅबकडेच द्या.

पहिल्या बूटला जुनी डिस्क तशीच ठेवणे

क्लोन झाल्यावर दोन्ही डिस्कची डिस्क सिग्नेचर एकच असते. दोन्ही लावून चालू केलं तर विंडोज एकीला ऑफलाईन करतं, नाहीतर पीसी गुपचूप जुन्याच डिस्कवरून चालू होतो आणि तुम्ही म्हणता एसएसडी टाकून पण स्लोच आहे. पहिल्यांदा फक्त एसएसडी लावा. बायोसमधे साटाचा मोड आयडीई असेल तर त्याच वेळी एएचसीआय करू नका, आधी आहे त्या सेटिंगवर चालू होऊ द्या, नाहीतर निळा स्क्रीन येतो आणि दोष क्लोनवर जातो.

जुनी डिस्क महिनाभर हात न लावता ठेवा, जीएसटीचं एखादं रिटर्न भरून होऊ दे. त्यानंतरही बॅकअपला म्हणून वापरू नका. फुल फॉरमॅट मारला की सगळ्या सेक्टरवर नव्याने लिहिलं जातं, त्यात C5 शून्य होऊ शकतो आणि स्क्रीनवर परत निळं Good दिसू शकतं, तेच बघून कोणीतरी ती सेकंडहँडमधे घेतं.