तपकिरी झालेला फ्लास्क

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी ऑक्झॅलिक आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेटच्या टायट्रेशनने माझ्या तीन प्रॅक्टिकल्स खाल्ल्या. पिपेटने 10 मिली आम्ल घ्यायचे, विरल सल्फ्युरिक आम्ल घालायचे, गरम करून फिकट गुलाबी रंग टिकेपर्यंत ब्युरेटमधून परमँगनेट सोडायचे. वाचने आली 10.4, 9.5, 10.8. सलग दोन वाचनांत 0.1 मिलीपेक्षा जास्त फरक नको होता.

मी द्रावणांना दोष देत राहिलो. चूक सुरुवातीच्या थेंबांत होती. पहिला थेंब पडला की गुलाबी रंग बराच वेळ जात नाही, कारण या अभिक्रियेला वेग देणारे Mn²⁺ आयन अजून तयार झालेले नसतात. ते अभिक्रियेतूनच तयार होतात. मी मात्र कंटाळून धार सोडायचो. फ्लास्क तपकिरी व्हायचा, म्हणजे MnO₂ तयार झालेला. तो तसाच उरला तर परमँगनेट जास्त लागते, म्हणून वाचन वाढायचे. 9.5 चे कारण वेगळे: त्या वेळी मी फ्लास्क उकळू दिला होता, आणि त्यात थोडे ऑक्झॅलिक आम्ल विघटित झाले असणार.

चौथ्या वेळी थर्मामीटर लावून 60 ते 70 अंश राखले. पहिला थेंब टाकून फ्लास्क फिरवत रंग पूर्ण जाईपर्यंत थांबलो, मग दुसरा. चार-पाच थेंबांनंतर रंग लगेच जाऊ लागला. गडद द्रावणात खालची वक्ररेषा दिसत नाही, म्हणून वरची कड वाचली. फिकट गुलाबी छटा अर्धा मिनिट टिकली.

10.1, 10.0, 10.1.